हात उचलू नये

शाळेत घणसरांना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. मुलं पाठीमागे घणसर म्हणत, बाकीचे शिक्षक तोंडावर म्हणत, आणि सरांना ते नाव इतकं आवडे की कुणी खऱ्या नावानं बोलावलं तर ते वळूनही बघत नसत. घण म्हणजे लोहाराचा मोठा हातोडा. तो पडला की तापलेल्या लोखंडाला वाकावंच लागतं. मुलांबद्दलचं सरांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. पोर म्हणजे लोखंड, शाळा म्हणजे भट्टी, आणि घण कोण हे सांगायला नको.

ते कार्यशाळेचे शिक्षक. शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. तिच्यात लाकडी बाकं, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेल्या करवती, रंधे, पटाश्या, आणि कोपऱ्यात जुन्या लोहारकामाच्या दिवसांतली एक ऐरण. एवढ्या मोठ्या शाळेत ती एकच खोली अशी की जिथे एकही वस्तू जागची हललेली नसे. शाळा सुटली की सर प्रत्येक लोखंडी हत्यारावरून तेलाचं फडकं फिरवत. गंजाचा त्यांना माणसासारखा राग येई.

हत्यारांशी इतके हळुवार असणारे सर मुलांशी मात्र निव्वळ आडदांड. कान पिळणं ही सुरुवात. मग पोलादी पट्टी, तीही उभी धरून, बोटांच्या सांध्यांवर. मग टकुरं भिंतीवर. एकदा वर्गात कुजबुजणाऱ्या मुलाचा पंजा त्यांनी बाकावर पसरवला आणि दोन बोटांच्या मधोमध एका ठोक्यात खिळा मारला. बोटाला ओरखडा नाही, नेम पक्का. पोरगं उभ्या जागी ओलं झालं, आणि सर खिळा उपटताना म्हणाले, "आता हात कुठे ठेवायचा ते कळलं ना?" कुणी काही म्हटलं तर ते पँट वर करून पोटरीवरचा काळा डाग दाखवत. शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादानं तापल्या सळईनं दिलेला तो प्रसाद. "मी मेलो का?" असं ते विचारत. मेले नव्हते हे खरंच होतं, त्यामुळे पुढे बोलणं खुंटे.

मग मागच्या सहामाहीत एका मुलाच्या कानाचा पडदा फाटला. दुसऱ्या दिवशी मुलाचा काका शाळेच्या अंगणात येऊन उभा राहिला. ट्रकवर माल चढवणारा माणूस, खांदे दरवाज्याएवढे. त्यानं थेट सरांच्या पोटात गुद्दा हाणला. सर वाकले, आणि वाकलेल्या जागेवरूनच त्यांनी डोकं वर मारलं. काकाचे दोन दात अंगणात पडले. तरी तो थांबेना. दोघं फरशीवर लोळले, एकमेकांचे गळे धरून, आणि सगळी शाळा खिडक्यांना चिकटून बघत राहिली. कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे सुटले. सरांची भुवई फुटली होती, आणि तोंडावर रक्तासकट एक हसू होतं. बळी तो कान पिळी, हे त्यांचं आवडतं वचन त्यांनी त्या दिवशी खरं करून दाखवलं होतं ना.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सरांना समोर बसवून सांगितलं, "यापुढे एका जरी पोरावर हात उचललात, तर त्याच दिवशी कार्यशाळेला कुलूप लागेल. आणि तुम्ही घरी."

सर उठून थेट कार्यशाळेत गेले आणि हत्यारांना तेल लावत बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे अजून सुंभसुद्धा जळला नव्हता.

त्याच सुमाराला शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई बदलून आल्या, आणि त्या सरांची लेक निघाल्या.

शिक्षकांच्या खोलीत हे कळायला आठवडा लागला, कारण ती त्यांना 'सर' म्हणे आणि ते तिला काहीच म्हणत नसत. ती शाळकरी असताना एका संध्याकाळी सरांनी तिच्या आईचं मनगट मोडलं होतं. भाजी खारट झाली एवढंच कारण. आई त्या मोडक्या मनगटानं पोरीचं बोट धरून भावाकडे गेली ती परत आली नाही. मामानं पोरीला वाढवलं, शिकवलं. पुढे आई वारली तेव्हा बापलेक एकाच खोलीत दोन टोकांना उभे राहिले होते, तेवढीच काय ती भेट. आता ती शाळेपासून दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती. सरांच्या घरी पाय ठेवला नव्हता. सर येता-जाता तिच्या वर्गावरून मुद्दाम हळू चालत, हे शिपायानं पाहिलं होतं. शिपाई सगळं पाहतो.

एके दिवशी तीच कार्यशाळेच्या दारात आली. हातात पाठाचं टाचण होतं, म्हणजे तास कसा घ्यायचा त्याचा कच्चा आराखडा.

"सातवी क ला साधी यंत्रं शिकवायचीत," ती म्हणाली. "तरफ आणि कप्पी. फळ्यावर शिकवली तर त्यांच्या डोक्यात शिरणार नाहीत. हातानं बनवायची, हातानं तपासायची. मला तुमची जागा हवी, आणि सामान."

सातवी क म्हणजे शाळेचं दुखणं. त्या वर्गात मधल्या सुट्टीत कंपासच्या टोकानं भोसकाभोसकी चाले. एका मुलीनं दुसरीच्या वेणीला पेटती काडी लावली होती.

"त्यांच्या हातात दांडकी देणार तू?" सर म्हणाले.

"दांडकी त्यांच्या हातात आहेतच. एकदा डोकी फोडण्याऐवजी वजन उचलायला वापरून बघू देत."

"आणि मोठ्या बाई?"

"त्यांना मी सांगितलंय, तिथे कुणावर हात पडणार नाही, माझी जबाबदारी." ती थांबली. "तुमचीही घेतलीय. मला तोंडघशी पाडू नका, एवढंच."

लेकीनं आपल्याकडे काही मागावं याची सर किती वर्षं वाट बघत होते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि फळी शोधायला वळले, कारण डोळे भरून आलेले तिला दिसायला नको होते.

पुढचे काही दिवस शाळा सुटल्यावर दोघं तिथे बसत. तिचं टाचण साधं होतं. एका बाकावर तरफ, दुसऱ्यावर कप्पी. प्रत्येक गटानं आधी अंदाज सांगायचा, मग मांडणी बनवायची, मग तानकाट्यानं मोजायचं. तानकाटा म्हणजे स्प्रिंगचा काटा, ओढला की किती बल लागलं ते दाखवणारा. अंदाज चुकला तर टेकू सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. "चुकल्यावर शिक्षा नाही," ती म्हणाली, "चुकल्यावर पुन्हा."

सरांनी सागाची फळी रंधून गुळगुळीत केली, तिच्यावर सारख्या अंतरावर रेघा मारल्या आणि टेकूसाठी अर्धगोल ठोकळा कापला. वाळूच्या पिशवीजवळ टेकू ठेवला की भाराकडची भुजा आखूड आणि हाताकडची लांब होई. लांब भुजा आखूड भुजेच्या चौपट असेल तर पिशवीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या बलात पिशवी वर. पण पहिल्यांदा काटा त्याहून कमी दाखवू लागला. फळीची लांब बाजू स्वतःच्याच वजनानं खाली दाबत होती. मग लेकीनं आखूड बाजूला एक लोखंडी तुकडा बांधून रिकामी फळी आधी समतोल केली, आणि त्यानंतर काटा बरोबर बोलू लागला. सर नुसते बघत राहिले. पोर हुशार निघाली, आणि त्यात आपलं काडीचं श्रेय नाही, हे त्यांना एकदमच कळलं.

कप्पीवर मात्र ठिणगी पडली. छताच्या तुळईला आकडा, आकड्याला कप्पी, कप्पीवरून दोरी. सर म्हणाले, "एक कप्पी लावली की वजन निम्मं. लिहून टाक."

"नाही. कप्पी जागच्या जागी असेल तर वजन तेवढंच. फक्त ओढायची दिशा बदलते."

"मी जन्मभर हेच शिकवलंय."

"मग जन्मभर चुकीचं शिकवलंत."

तिनं दोरीच्या टोकाला तानकाटा लावून ओढला. काटा पिशवीच्या वजनाच्याही जरा पुढे गेला. "हे जास्तीचं कप्पीच्या घर्षणाचं," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणानंच सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी स्टुलाला लाथ घातली. स्टूल बाकावर आदळून त्याचा पाय तुटला. हातात होता तो लाकडी हातोडा त्यांनी पूर्ण ताकदीनं फेकला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि मागची काच खळकन फुटली. एक तुकडा तिच्या गालाला चाटून गेला, बारीकशी लाल रेघ उमटली.

ती जागची हलली नाही. "हातोडा फेकून काटा बदलत नाही, सर."

मग तिनं गाल रुमालानं टिपला, दुसरी कप्पी पिशवीलाच अडकवली, शिडीवर चढून दोरीचं एक टोक तुळईला बांधलं आणि खाली येऊन दुसरं वर ओढलं. आता काटा जवळपास निम्म्यावर. "ही हलणारी कप्पी. भार दोन दोऱ्यांत वाटला गेला. पण पिशवी वीतभर वर यायला दोरी दोन वीत ओढावी लागते. फुकट काही मिळत नाही. आणि ती पहिली, जागच्या जागी असलेली कप्पी ज्या आकड्याला लटकलीय ना, त्याच्यावर पिशवीचं वजनही येतं आणि ओढणाऱ्याचा जोरही. म्हणजे दुप्पट. हा स्क्रूचा आकडा एखाद्या दिवशी पोरांच्या डोक्यात पडेल."

सरांनी माफी मागितली नाही. ती विद्या त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. ते शिडीवर चढले, जुना आकडा उपटला, तुळईला आरपार भोक पाडलं आणि वरून नटानं आवळलेला, खाली कडी असलेला जाड बोल्ट बसवला. मग स्वतः त्याला दोन्ही हातांनी लटकले.

"घट्ट आहे का, बाबा?" खालून तिनं विचारलं.

तिच्या तोंडून ते चुकून गेलं होतं. दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं. पण त्या संध्याकाळी घणसर घरी जाताना शीळ घालत गेले, आणि शिपायानं ही बातमी चहाबरोबर सगळ्या शाळेत वाटली.

चूक झाली ती या आनंदातच. माणूस रागात जेवढं बिघडवतो, तेवढंच लाडात येऊनही बिघडवतो. वाळूच्या पिशव्या सरांना भातुकली वाटू लागल्या. लेकीचा तास लक्षात राहील असा झाला पाहिजे, आणि त्यात आपलंही काही दिसलं पाहिजे. त्यांनी कोपऱ्यातली ऐरण लांब पहारीनं इंच-इंच सरकवत मध्यभागी आणली, तीच पहार तिच्या एका कडेखाली घातली आणि पहारीखाली ठोकळा सारला. दोघा माणसांना न हलणारी ऐरण ते एकटे पहारीच्या टोकावर रेलून कडेवर उचलून दाखवणार होते.

"हे नको," ती म्हणाली. "याला आपला तानकाटा पुरणार नाही. जे मोजता येत नाही ते या तासात नको."

"मोजायला नाही गं. बघायला. पोरं आ वासतील."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतका उजळलेला चेहरा तिनं लहानपणापासून पाहिला नव्हता, आणि तो विझवायचं तिच्या जिवावर आलं. "बरं," ती म्हणाली. "पण शेवटी. आणि नियम तुम्हालाही."

नियम तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता: भार खाली टेकेपर्यंत हात उचलू नये. कारण उघड होतं. आखूड भुजेकडे वजन उचललेलं आहे आणि लांब टोक हातातून सुटलं, तर वजन बोटभर खाली येईस्तोवर ते टोक चार बोटं वर येतं, तेही त्याच क्षणात. म्हणजे चौपट वेगानं. जोर वाचवताना जे अंतर आपण दिलेलं असतं, ते तरफ सव्याज वसूल करते.

खऱ्या तासाच्या आधी रंगीत तालीम म्हणून तिनं सातवी क मधली मोजकी मुलं बोलावली. त्यांत एक अंगानं सगळ्यांत लहान मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीची जीभ मात्र कात्रीसारखी.

सुरुवातच रक्तानं झाली. फळी आधी कुणी धरायची यावरून दोन मुलं भिडली आणि एकानं फळीचं टोक दुसऱ्याच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं, शर्ट लाल झाला, आणि मार खाल्लेला उठला तो हातात पटाशी घेऊनच. सर एका झेपेत तिथे पोचले. त्यांनी पटाशी हिसकली, पोराची कॉलर पकडली, आणि उजवा हात मागे गेला. फळी हाणणाऱ्यानं फळी खाली ठेवली. लेक त्या हाताकडे बघत राहिली. सरांचा हात हवेत थांबला आणि खाली आला.

"बस तिकडे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नाक दाबून धर."

हा त्यांच्या आयुष्यातला पहिला न मारलेला हात असावा. त्यांना विजय झाल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, यात खोटं काही नाही.

त्यानंतर नवल घडलं. पोरं कामाला लागली. अंदाज सांगू लागली, चुकू लागली, टेकू सरकवू लागली. नाक फुटलेला आणि फोडणारा एकाच दोरीला लोंबकळून हलणारी कप्पी तपासत होते आणि "निम्मं, निम्मं" म्हणून ओरडत होते. चिमणीनं एका हातानं वाळूची मोठी पिशवी उचलली तेव्हा स्वतःच्या हाताकडेच चकित होऊन बघितलं. लेक बापाकडे बघून हसली. सरांना वाटलं, आता रविवारी तिला जेवायला बोलवावं.

मग ऐरण. सर पहारीच्या टोकावर दोन्ही हातांनी रेलले. पहार कण्हली, ऐरणीची कड जमिनीवरून सुटली, चांगली वीतभर वर आली. पोरांनी खरोखरच आ वासला. लेक फूटपट्टी घेऊन ऐरण किती वर आली आणि पहारीचं टोक किती खाली गेलं ते दाखवायला टोकाजवळ आली.

"आता सरांनी काय करायचं नाही?" तिनं मुलांना विचारलं. "पुठ्ठ्यावरचा नियम वाचा कुणीतरी."

चिमणीनं मान वर करून ठणठणीत आवाजात वाचलं, "हात उचलू नये." आधीचे शब्द तिनं गिळले होते. मग निरागसपणे विचारलं, "बाई, हा नियम मुद्दाम सरांसाठीच लिहिलाय का?"

सगळी खोली फुटली. नाक फुटलेलाही हसला, आणि हसताना पुन्हा रक्त आलं. घणसरांना उभ्या जन्मात मुलं तोंडावर हसली नव्हती. त्यांच्या कानांत हसण्याशिवाय काही शिरेना. डोकं विचार करायच्या आत हाताला सवय होती, आणि चिमणी हाताच्या टप्प्यात उभी होती. त्यांनी उजवा हात पहारीवरून उचलला.

लेकीला तो हात ओळखीचा होता. तो कुठे जाणार हे तिला बाकी कुणाच्याही आधी कळलं. तिनं फूटपट्टी टाकली आणि वाकून, पहारीवरूनच, तो हात धरायला झेप घेतली.

राहिलेल्या डाव्या हाताखाली पहार सरकली. तिच्यावर रोजच्या तेलाचा हात फिरलेला होता. ऐरण दाणकन खाली बसली आणि पहारीचं टोक वर आलं. ते लेकीच्या हनुवटीखाली लागलं. आवाज लाकूड तडकल्यासारखा आला. तिचं डोकं मागे फेकलं गेलं आणि ती बाकाच्या कडेवर आपटून खाली पडली. तोंडातून रक्त आलं, रक्तातून दाताचे तुकडे आले, आणि खालचा जबडा बाजूला सरकून नको तिथे थांबला. ती ओरडली नाही. ओरडायला जबडा लागतो.

सर गुडघ्यावर बसले. तिच्या तोंडाखाली दोन्ही तळवे धरले, जणू ते रक्त सांडू दिलं नाही तर काही झालंच नाही असं ठरेल. "पोरी," ते म्हणत राहिले, "पोरी." मुलं भिंतीला टेकली होती.

आवाज ऐकून मोठ्या बाई धावत आल्या. शिपायाला गाडी बोलवायला पिटाळलं, स्वतःचा पदर फाडून तिच्या जबड्याखाली बांधला, आणि मग वर बघितलं.

"काय झालं?"

"पहार निसटली," नाक फुटलेला मुलगा म्हणाला.

"निसटली, बाई," दुसरा म्हणाला. "तेल होतं तिला."

"सर काहीच करत नव्हते," चिमणी म्हणाली. सगळ्यांत स्पष्ट ती बोलली. आत्ताच ज्या हाताखालून वाचली होती, त्या हातावरची नजर न काढता बोलली.

सरांनी त्यांना एक शब्दही शिकवला नव्हता. धमकी दिली नव्हती, डोळे वटारले नव्हते. पोरांनी आपापसांत पाहिलंही नव्हतं, आणि सगळ्यांचं खोटं एकसारखं निघालं. सरांना वाटलं, आपण जन्मभर शिकवलेलं पोरं काही शिकली असतील तर हेच. पहिल्यांदा त्यांना स्वतःची किळस आली. नुसती खंत नाही, किळस.

मोठ्या बाई सरांकडे बघत होत्या. पहार निसटली एवढं म्हणायचा अवकाश होता. ते खरंही होतं, अर्धं.

"मी हात उचलला," सर म्हणाले. "या चिमणीला मारायला. म्हणून निसटली. लेक माझा हात धरायला मधे आली." मग खिशातून कार्यशाळेची किल्ली काढून त्यांनी ऐरणीवर ठेवली. तिला रक्त लागलं होतं, ते पुसून ठेवली.

दवाखान्यात लेकीच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली. दात तारेनं आवळून तोंड बंद केलं होतं, पातळ अन्न नळीनं द्यायचं. सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मामा येऊन बसला होता, पण त्यानं सरांकडे बघितलं नाही, आणि सरांनीही त्याच्याशी बोलायची हिंमत केली नाही. मोठ्या बाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की तास होणार आहे. त्या स्वतः घेणार आहेत, वाळूच्या पिशव्यांवर. कुलूप लावायचं होतं ते सरांपुरतं लागलं, मुलांना त्याची शिक्षा कशाला. टाचणात सगळं इतकं नीट लिहिलंय की कुणालाही घेता येईल. लेकीचे डोळे हसले. तेवढाच भाग हसू शकत होता.

मोठ्या बाई गेल्या, मामा औषधं आणायला उतरला, आणि खोलीत बापलेक दोघंच उरले. सर खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांना हलकं वाटत होतं, हे खरं सांगितलं पाहिजे. नोकरी गेली होती, किल्ली गेली होती, पण आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलले होते आणि त्याची किंमत त्यांनी खळखळ न करता दिली होती. लेकीनं ते ऐकलंही होतं. आता काहीतरी नव्यानं सुरू होईल, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मी सगळं सांगितलं गं," ते म्हणाले. "तू ऐकलंस ना?"

तिनं पापण्या मिटून उघडल्या. ऐकलं होतं.

तिच्या कपाळावर घामानं केसांची एक बट चिकटली होती. ती डोळ्यात जात होती. तिचा एक हात सलाइनला बांधलेला. सरांनी ती बट बाजूला करायला हात पुढे केला, अगदी हळू.

लेकीनं डोळे घट्ट मिटले, मान उशीत खुपसली आणि मोकळा हात कोपरात दुमडून चेहऱ्यासमोर धरला. तिनं ते ठरवून केलं नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण लगेच तिनं कोपर खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण ते खाली येईना.

सरांनी हात मागे घेतला आणि खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. मामा वर आल्यावर त्यांनी त्याला सांगितलं, "तिच्या डोळ्यांत केस जातायत, जरा बाजूला कर," आणि ते बाहेर जाऊन बसले.